चौकशीच्या आधीची चौकशी

शिकवणीच्या क्लासमध्ये ‘चौकशी’ या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. पालक येतात, दाराशी चपला काढतात, “जरा चौकशी करायची होती” म्हणतात आणि टेबलामागची मुलगी एक रजिस्टर पुढे सरकवते. त्यात नाव, इयत्ता, बोर्ड, शाळा आणि फोन लिहायचा. ही चौकशी क्लास सुरू झाल्यावरची. या पुस्तकात जी चौकशी आहे ती तिच्याही आधीची. क्लासची वेबसाइट करायला घेतलेल्या माणसाने रंग, फोटो आणि डोमेनचे नाव यांना हात लावण्यापूर्वी करायची ती चौकशी. धंद्यात तिला ‘डिस्कव्हरी’ म्हणतात. मी पूर्वचौकशी म्हणतो, कारण क्लासवाल्यांना हा शब्द पहिल्याच वाक्यात कळतो आणि त्यांचा चेहरा पडत नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना त्याचे कूळ थोडक्यात सांगायला हवे. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात वेबसाइटचे पाच थर मांडले. वरचा थर डोळ्यांना दिसणारा. सगळ्यात खालच्या थरात मात्र दोनच गोष्टी आहेत: साइट चालवणाऱ्याला काय हवे आणि ती वापरणाऱ्याला काय हवे. त्याआधी ॲलन कूपर यांनी ‘पर्सोना’ म्हणजे प्रातिनिधिक वापरकर्त्याची कल्पना रुजवली. स्पर्धेबद्दलचा विचार मात्र वेबच्या बाहेरून आला. मायकेल पोर्टर यांनी १९७९ च्या लेखात दाखवले की स्पर्धा फक्त आपल्यासारख्यांशी नसते, आपली गरजच संपवून टाकणाऱ्या पर्यायांशीही असते. उद्दिष्ट, वापरणारा आणि स्पर्धक ही तीन दालने अशी वेगवेगळ्या घरांतून आली. बहुतेक एजन्सींच्या अहवालांतही ती तशीच तीन स्वतंत्र प्रकरणे म्हणून राहतात. माझा आक्षेप तिथेच आहे. ही तीन प्रकरणे एकमेकांची उलटतपासणी घ्यायला बसवली तरच त्यांचा उपयोग, आणि ते कसे हे एका क्लासच्या उदाहरणावरून दाखवतो. क्लास खरा आहे. मालकांची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, हिशोबाची रीत तीच ठेवली आहे.

मोशी. पिंपरी-चिंचवडच्या कडेचा, मोठमोठ्या सोसायट्यांनी भरत गेलेला भाग. आईबाबांपैकी कोणी भोसरी एमआयडीसीत, कोणी चाकणला, कोणी तळवड्याच्या आयटी पार्कात. एका सोसायटीत सीबीएसईची, राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाची आणि सेमी इंग्रजीची मुले एकाच लिफ्टमधून खाली उतरतात. तिथे एक सर आणि मॅडम, पतीपत्नी, चार वर्षे घरी शिकवण्या घेत होते. सरांनी शाळेची नोकरी सोडली, रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आठवी ते दहावीचा क्लास काढायचे ठरवले. मला बोलावले तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. त्यावर चौदा पाने मोजून लिहिलेली: संचालकांचे मनोगत, ध्येय आणि दृष्टी, गॅलरी, यशवंत विद्यार्थी, ब्लॉग, विद्यार्थी लॉगिन, ऑनलाइन टेस्ट वगैरे. “ॲप पुढच्या वर्षी,” सर म्हणाले, जणू माझ्यावर उपकार करत होते.

मी विचारले, पहिल्या वर्षी किती मुले हवीत?

“दोनशे.”

दोनशेच का? सरांनी हिशोब सांगितला तो बरोबरच होता. खोल्या दोन, प्रत्येकीत वीस मुले. संध्याकाळी दीड-दीड तासाच्या तीन वेळा: पाच, साडेसहा आणि आठ. मुले एक दिवसाआड येणार, म्हणजे सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरू-शनि असे दोन संच. दोन खोल्या, तीन वेळा, दोन संच, झाल्या बारा बॅचेस. गुणिले वीस, दोनशे चाळीस. त्यातले चाळीस सोडून दिले, राहिले दोनशे.

हा आकडा खोल्यांनी सांगितला होता. धंद्याने काही सांगितलेच नव्हते. नवख्याने इथे ओळखायला शिकायचे ते हे की, क्षमता म्हणजे उद्दिष्ट नव्हे. मालक जेव्हा गोल आकडा सांगतो तेव्हा तो आकडा कुठून आला ते विचारावे, आणि उत्तर भिंतींकडून किंवा शेजारच्या क्लासकडून आलेले असेल तर दुसरा प्रश्न विचारावा: किती मुले नसतील तर हा क्लास मार्चमध्ये बंद करावा लागेल?

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मॅडमनी खर्चाची डायरी काढली. भाडे, एक मदतनीस शिक्षिका, टेबलावरची मुलगी, वीज, झेरॉक्स असे सगळे मिळून महिन्याला साठ हजार. फी वर्षाला अठरा हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार. चाळीस मुले झाली की क्लास स्वतःचे पोट भरतो. घरखर्चाला आणखी साठ हजार लागत होते, त्यासाठी आणखी चाळीस. म्हणजे ऐंशी. घरच्या शिकवणीतली छत्तीस मुले नव्या जागेत येणार हे जवळपास पक्के होते. नवी हवीत ती चव्वेचाळीस.

मग सरांच्या कपाटातून जे निघाले ते कुठल्याही विकतच्या आकडेवारीपेक्षा मोलाचे होते. चार वर्षांचे रजिस्टर. कोण चौकशीला आले, कोण तीन दिवस फुकट बसून गेले, कोण टिकले, सगळे सरांनी हाताने लिहिले होते. मोजले तर चौकशीला येणाऱ्या तिघांपैकी दोघे मुलाला तीन दिवस बसवत, आणि बसलेल्यांतले निम्मे प्रवेश घेत. उलटे चालत गेलो: चव्वेचाळीस प्रवेशांसाठी अठ्ठ्याऐंशी मुलांनी बसून पाहायला हवे, त्यासाठी एकशे बत्तीस चौकश्या हव्यात. मार्च ते जून या चार महिन्यांत महिन्याला तेहतीस, म्हणजे दिवसाला एक. घरी दोन-दोन तास ओळखीच्या मुलांना शिकवतानाचे हे प्रमाण नव्या जागेत तसेच राहील याची खात्री नव्हती, म्हणून दिवसाला दोन धरले.

दिवसाला दोन चौकश्या, हे झाले साइटचे उद्दिष्ट. ते कागदावर आल्यावर खोलीतली हवाच बदलली. हजारो भेटी, पहिल्या पानावर येणे, महिन्याचे जाहिरातीचे बजेट या गोष्टींना कोणी विरोध केला नाही, त्या आपोआप मागे पडल्या. दिवसाला दोन घरांना हव्या त्या गोष्टी दिसल्या पाहिजेत, एवढेच काम उरले. पण ती दोन घरे कोणती आणि त्यांना काय हवे, हे हिशोबातून कळत नाही.

पालकांशी बोलायचे म्हटल्यावर सरांनी लगेच पाच नावे दिली. सगळी त्यांच्या आवडत्या विद्यार्थ्यांची. ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. खूश पालक तुम्हाला क्लास का चांगला आहे ते सांगतात. तुम्हाला हवे असते ते क्लास निवडताना काय घडते, आणि ते सगळ्यात स्वच्छ सांगतात ते पालक, ज्यांनी चौकशी केली आणि आले नाहीत. ते रजिस्टरमध्ये होते. तिथून तीन घरे निवडली, मुले दुसऱ्या क्लासला जाणारी चार घरे सोसायटीतून मिळाली आणि सरांची पाच. एकूण बारा. बाराच का, असे मला नेहमी विचारतात, आणि कोणी तरी मध्येच “पाच पुरतात असे संशोधन आहे” म्हणतो. तो पाचाचा आकडा याकोब नील्सन यांनी २००० साली मांडला तो तयार रचना वापरताना लोक कुठे अडखळतात ते शोधण्याच्या चाचणीसाठी. लोक क्लास कसा निवडतात या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. इथे थांबायचे कधी, तर सलग तीन घरांत नवे काही कानावर पडेनासे झाले की. आमच्याकडे ते दहाव्या घरानंतर झाले. सेमी इंग्रजीची घरे फक्त दोन होती, त्यांच्याबाबतीत मात्र ते झाले असे मी म्हणणार नाही.

प्रश्न एकच ठेवायचा: “मागच्या वेळी क्लास बघितला तेव्हा काय काय केलंत, पहिल्या दिवसापासून सांगा.” तुम्हाला वेबसाइटवर काय आवडेल, हे विचारायचे नाही. ते विचारले की माणूस सौजन्याने व्हिडिओ, चॅट आणि प्रगतिपुस्तक मागतो आणि पुढे त्यातले काहीही उघडत नाही. घडलेले सांगताना तो बाजार, भांडण, पाऊस, सगळे सांगतो. आपल्याला हवे असलेले त्यातच असते.

एका घरात ताई कुकर लावत बोलत होत्या. मुलगी नववीत. क्लासचे नाव कुठे कळले, तर सोसायटीच्या ग्रुपवर, कोणी तरी “मॅथ्ससाठी चांगला क्लास सुचवा” म्हणून विचारले होते. मग? “मग रात्री सगळं आवरल्यावर बघितलं.” कशावर? त्यांनी हात पुसून फोन उघडला आणि माझ्या हातात दिला. फोटोंमध्ये सोळा स्क्रीनशॉट होते. ग्रुपवरच्या शिफारशी, एका क्लासचे पॅम्फ्लेट, गूगल मॅप्सवरची दोन ठिकाणे, एका वेबसाइटचे वरचे अर्धे पान. हे सगळे ताई नवऱ्याला पाठवत. तो दुसऱ्या पाळीला असे, रात्री जेवणाच्या सुट्टीत बघे. “लिंक पाठवली तर तो उघडत नाही,” ताई म्हणाल्या. “फोटो बघतो.”

त्या सोळा चित्रांपैकी वेबसाइटच्या चित्रात होते काय? एका हसऱ्या मुलीचा विकतचा फोटो आणि उज्ज्वल भविष्याबद्दल एक ओळ. वेळ नाही, फी नाही, पत्ता नाही. नवऱ्याचे त्यावरचे उत्तरही ताईंनी दाखवले: “किती?” एवढेच. ताईंना ते माहीत नव्हते आणि फोन करायचा नव्हता. का नाही? “एकदा नंबर दिला की दिवसातून चारदा फोन येतात. मागच्या वर्षी एकांचा नंबर ब्लॉक करावा लागला.”

हे दोन धागे, स्क्रीनशॉट आणि फोनची भीती, मग इतर घरांतही सापडले. बारापैकी नऊ घरांत पहिले नाव ओळखीतून आले होते, शोधून नव्हे. म्हणजे आमची साइट ही नाव कळण्याची जागा नव्हती, ऐकलेले नाव खरे करून बघण्याची जागा होती. या दोन कामांसाठी लागणारी पाने वेगळी असतात. ज्याला नाव माहीत नाही त्याला आपण सापडायला हवे, तिथे लेख आणि शब्दांची जुळवाजुळव कामाची. ज्याने नाव ऐकले आहे त्याला एका चित्रात मावेल इतके उत्तर हवे, आणि तेही आपला नंबर न देता. ‘माहितीसाठी फोन नंबर भरा’ हा फॉर्म त्यामुळे चौदा पानांतून सर्वांत आधी उडाला. तो तसाही मुलाचे नाव, शाळा, जन्मतारीख मागणार होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. जी माहिती वापरायचीच नव्हती तिच्यासाठी एवढी जबाबदारी कशाला अंगावर घ्यायची?

घरांनी हिशोबालाही धक्का दिला. आठ ते साडेनऊची बॅच मुलींच्या आईवडिलांपैकी एकालाही नको होती. रस्त्याच्या त्या टोकाला दिवे नीट नव्हते. बारा बॅचेसच्या आठ झाल्या, दोनशे चाळीस जागांच्या एकशे साठ. दुसरीकडे सेमी इंग्रजीच्या दोन्ही घरांतल्या आयांनी जे विचारले ते सरांच्या कागदावर कुठेच नव्हते. त्यांच्या मुलांची शाळा दुपारची होती, संध्याकाळी सहापर्यंत. “सकाळी घेत नाही का सर?” सरांच्या दोन्ही खोल्या सकाळी कुलूप लावून पडलेल्या असणार होत्या, आणि नोकरी सोडल्यामुळे सर मोकळे. पालकांचा धागा पुढे ओढला आणि उद्दिष्टाचा कागद पुन्हा लिहावा लागला. दोनच घरांच्या जोरावर सकाळची बॅच जाहीर करणे धाडसाचे होते, म्हणून ती पानावर ‘दहा नावे आली की सुरू’ अशी ठेवायचे ठरले. नवे लोक याला कच्चेपणा समजतील. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

स्पर्धकांची यादीही सरांनीच दिली. दोन मोठ्या साखळ्या, ज्यांचे फ्लेक्स पुलावर लागतात. पालकांना विचारले, या क्लासऐवजी दुसरे काय करणार होता? साखळ्यांचे नाव बारांतून दोघांनी घेतले. बाकीच्यांच्या उत्तरांत सोसायटीतल्या बी विंगमधल्या काकू होत्या, मोबाइलवरचे ॲप होते, शाळेतलेच जादा तास होते आणि एका घरात “मीच घेते अजून, जमतंय तोवर” असे म्हणणारी आई होती. पोर्टर यांनी सांगितलेले पर्याय ते हेच. अहवालात साखळ्यांच्या वेबसाइटची रंगीत चित्रे चिकटवून पाने भरता येतात. बी विंगच्या काकूंची वेबसाइट नसते, म्हणून त्या अहवालातून गळतात, आणि दहा मुले त्यांच्याकडेच असतात.

पालकांचे प्रश्न हातात आल्यावरच स्पर्धकांच्या साइट बघायच्या, आधी नाही. आधी बघितल्या तर आपण वैशिष्ट्ये मोजतो: यांच्याकडे गॅलरी आहे, त्यांच्याकडे चॅट आहे. नंतर बघितल्या तर प्रश्न मोजतो: माझ्या मुलीची वेळ कोणती, फी किती आणि हप्ते किती, शिकवणार कोण, एक दिवस बुडला तर काय. दोन किलोमीटरच्या आतले सहा क्लास या चार प्रश्नांवर तपासले. फी एकानेही लिहिली नव्हती. वेळ एकाने. शिक्षकांची नावे दोघांनी. यशवंतांचे फोटो सहांनी.

इथे नवखा दोन उलट्या चुका करतो. सगळे जे करतात ते आवश्यक मानतो, किंवा कोणी करत नाही ती मोकळी जागा मानतो. दोन्ही तपासून घ्यावे लागते. सरांना यशवंतांचे पान हवे होते, पण त्यांचे यशवंत होते ते जुन्या शाळेतले विद्यार्थी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार विद्यार्थ्याचे नाव किंवा फोटो वापरायचा तर यश मिळाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते, तो कोणत्या अभ्यासक्रमाला होता तेही सांगावे लागते आणि यशाची हमी देता येत नाही. ते पान गेले. पालकांपैकी एकालाही त्याची उणीव भासली नसती. एका बाबांचे शब्द असे, “ते फोटो सगळीकडे तेच असतात.”

फीचा मामला अधिक गुंतागुंतीचा होता. सहाही जण फी लपवतात ती आळसाने नव्हे. सरांनीच कारण सांगितले: “अहो, लिहिली तर समोरचा पाचशेने कमी करणार. आणि भावंडांना सवलत द्यावी लागते, ती कशी लिहू?” कारण खरे आहे. पण ज्या घरांना दिवसाला दोन या हिशोबात आम्ही धरले होते, ती घरे “किती?” या प्रश्नावरच अडत होती, आणि काही जण न लिहिलेली फी म्हणजे महागच असणार असे गृहीत धरत होते. पाचशे रुपयांनी कमी करणारा शेजारी हे अनुमान होते. उत्तर न मिळाल्याने गेलेली तीन घरे रजिस्टरमध्ये नावानिशी होती. शिवाय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या कोचिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्राने वेबसाइटवर शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, फी आणि ती परत करण्याचे नियम द्यावेत असे म्हटले आहे. सरांनी फी लिहायला होकार दिला, तीन हप्त्यांसह. भावंडांची सवलतही एका ओळीत.

त्याच तत्त्वांमध्ये आणखी एक वाक्य आहे. सोळा वर्षांखालील मुलांना अशा केंद्रात प्रवेश देऊ नये, प्रवेश माध्यमिक परीक्षेनंतरच व्हावा. आठवी ते दहावीचा क्लास काढणाऱ्याला हे वाक्य पहिल्या भेटीतच दाखवायला हवे. ही तत्त्वे राज्यांनी आपापले नियम करावेत म्हणून आलेली आहेत, तेव्हा आपल्या राज्यात त्या घडीला काय लागू आहे ते वकिलाला विचारायचे. ते उत्तर देणे आपले काम नाही, पण तो प्रश्न मालकापुढे ठेवणे आपलेच. मी तो तिसऱ्या आठवड्यात ठेवला. उशीर झाला, आणि दोन खोल्यांचा करार तोवर झालेला होता. सर वकिलांकडे जाऊन आले, पण मधले चार दिवस मॅडमची झोप गेली ती माझ्यामुळे.

बी विंगच्या काकूंकडे मी सरांनाच पाठवले. खोटा पालक बनून स्पर्धकांना फोन करणे हा या धंद्यातला लोकप्रिय मार्ग आहे. मला तो पसंत नाही. नैतिक कारण बाजूला ठेवले तरी एकाच पट्ट्यात राहणारी माणसे आवाज ओळखतात. सर उघडपणे गेले, चहा प्यायले. काकू सातवीपर्यंतच घेत होत्या. आठवीचे विज्ञान त्यांना नको होते, आणि दरवर्षी तीन-चार आया त्यांना “आता पुढे कुठे पाठवू?” विचारत. आम्ही ज्यांना स्पर्धकांच्या यादीत सर्वांत वर ठेवले होते, त्यांच्याकडूनच मुले येण्याची वाट होती. त्या आयांचा प्रश्न साखळ्यांच्या यादीतून कधीच दिसला नसता. तो पालकांच्या बोलण्यातून दिसला आणि चहाच्या कपाशी पक्का झाला.

या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. बारा घरांवरून टक्केवारी काढायची नसते. ‘नऊ घरे’ म्हणायचे, ‘पंचाहत्तर टक्के पालक’ म्हणायचे नाही. हंगामही बोलतो. फेब्रुवारीत पालक परीक्षेच्या धास्तीने क्रॅश कोर्स मागतात, जूनमध्ये तेच पालक वेळापत्रक विचारतात. आम्ही जानेवारीत बोललो, त्यामुळे निकालानंतर क्लास बदलणारी घरे आमच्या कानाबाहेर राहिली. गूगलच्या आकड्यांचे तसेच. शब्दांचे जे अंदाज मिळतात ते जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ढोबळ पट्ट्यांत मिळतात, आणि मोशीच्या एका रस्त्यासाठी ते निरुपयोगी असतात. मी maths classes near me हा शोध तीन चौकांत उभा राहून केला. तीनही ठिकाणी वरची नावे वेगळी होती. जवळच्या निकालांत गूगल संबंध, अंतर आणि प्रसिद्धी बघते असे तेच सांगतात, आणि अंतर आपल्या हातात नसते. म्हणून स्पर्धकांची क्रमवारी एकाच खुर्चीत बसून लिहिलेली असेल तर ती खुर्चीची क्रमवारी आहे असे समजावे.

पूर्वचौकशी फसली हे कसे ओळखायचे? माझी खूण साधी आहे. शेवटचा कागद घ्या, क्लासचे नाव खोडून दुसऱ्या क्लासचे लिहा. तरीही तो कागद खरा वाटत असेल तर पुन्हा घराबाहेर पडा. दुसरी खूण म्हणजे त्या कागदामुळे काहीच रद्द झाले नसेल तर. मालकाचे पहिल्या दिवशीचे बोलणेच आकडे लावून परत केलेले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत, सुरुवातीला लिहिलेही आहेत. मालक खूश होतो, कारण त्याला स्वतःचेच बोलणे छापील दिसते.

आमचा कागद दीड पानाचा झाला. वर एक ओळ: मार्च ते जून, दिवसाला दोन चौकश्या, ऐंशी मुले. खाली ठेवलेली चार पाने: वेळ, फी आणि पत्ता एका पडद्यात देणारे पहिले पान, सर-मॅडम कोण आहेत आणि काय शिकले आहेत ते सांगणारे दुसरे, बुडालेला तास आणि परत मिळणारी फी यांचे तिसरे, आणि ‘सातवीनंतर’ असे नाव असलेले चौथे. त्याखाली न करायच्या दहा गोष्टी, प्रत्येकीपुढे कारण आणि ते कोणाकडून कळले ते. दहावी होती संचालकांचे मनोगत. ती खोडताना सर जरा थांबले. त्यांनी ते आधीच लिहून ठेवले होते, दोन पाने, सुंदर अक्षरात. मॅडम म्हणाल्या, ते रिसेप्शनच्या भिंतीवर लावू. या पुस्तकाचे पहिले प्रकरण त्या दीड पानाची नक्कल देऊन सुरू होते, सरांनी पेन्सिलीने काढलेल्या प्रश्नचिन्हांसकट.